नातवाचं नाव आणि नॉमिनीचा रकाना: कोइमतुरातल्या एका खाते-अर्जाचं मराठी

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसाय करणारी कुटुंबं देशभर पसरली आहेत, तशी ती कोइमतुरातही आहेत. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली कर्ती माणसं तमिळ बोलतात, मुलं तर तमिळच जास्त बोलतात. पण गावाकडून उतारवयात आलेल्या आया आणि सासवा मराठीशिवाय काही वाचत नाहीत. या लोकांची कागदपत्रं मराठीत आणि मराठीतून करून देणं हे माझं काम. खाली मांडलेलं प्रकरण डिसेंबर २०२५ मधलं आहे. ओळख पटू नये इतके तपशील वगळले आहेत, बाकी जसं घडलं तसं आहे.

काकूंचं वय अठ्ठावन्न. नवरा वारल्यावर विम्याचे पैसे गावाकडच्या खात्यात आले होते. त्यातले तीन लाख मुलगा राहतो तिथल्या बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे, त्यासाठी आधी बचत खातं काढायचं, असा बेत. बँकांनी अर्ज इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत द्यावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पण प्रदेशाची भाषा म्हणजे शाखा जिथे आहे तिथली भाषा. त्यामुळे काकूंच्या हातात इंग्रजी, हिंदी आणि तमिळ असा अर्ज आला. मुलगा मला म्हणाला, "ताई, सह्या कुठं करायच्या ते मी दाखवतो, तुम्ही फक्त नॉमिनीचं तेवढं सांगा." काकू म्हणाल्या, "न्हाई, सगळं वाचून दावा. मागं त्यांच्या कागदावर न वाचता सह्या केल्या, लई फिरावं लागलं."

सगळं वाचून दाखवायचं म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. सही मूळ अर्जावरच होते, मराठी प्रतीवर नाही. म्हणून मी दोन उभ्या भागांचा तक्ता करते. डावीकडे अर्जातला अनुक्रमांक आणि रकान्याचं इंग्रजी नाव, उजवीकडे मराठी. अनुक्रमांक जसेच्या तसे ठेवते, म्हणजे काउंटरवर "बारा नंबरला काय लिहिलंय?" असं विचारलं तर काकूंना बोट ठेवता येतं. वर एक ओळ असते: ही प्रत समजण्यासाठी आहे, बँकेला मूळ अर्जच मान्य. खुणा मात्र मी एकाही चौकटीत करत नाही. त्या खातेदारानेच करायच्या.

हिंदीचा मजकूर देवनागरीत असल्यामुळे तो काकूंना वाचता येईल, असं शाखेतल्या माणसाला वाटत होतं. अक्षरं वाचता आली, अर्थ लागला नाही. "राजनीतिक रूप से उजागर व्यक्ति" या ओळीशी काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत मेंबर हुते. हितं व्हय म्हणायचं का?" प्रश्न बरोबर होता. अर्जात व्याख्याच दिलेली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ही संज्ञा परदेशाने महत्त्वाचं सार्वजनिक पद दिलेल्या व्यक्तीसाठी आहे: तिथले राष्ट्रप्रमुख, मंत्री, मोठे न्यायाधीश, लष्करी अधिकारी वगैरे. गावच्या सदस्याचा तिच्याशी संबंध नाही. मी तक्त्यात "परदेशी सरकारात मोठ्या पदावर असलेली किंवा होऊन गेलेली व्यक्ती" असं लिहिलं आणि व्याख्या अर्जाबाहेरून घेतली आहे, हे खाली नोंदवलं. काकूंनी "नाही"वर खूण केली. त्याखालचा करनिवासाचा प्रश्न, म्हणजे भारताखेरीज दुसऱ्या देशात कर भरता का, एका वाक्यात संपला.

नावाच्या रकान्यांना जास्त वेळ लागला. तमिळनाडूत आडनाव लावण्याची रीत सहसा नाही. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव, एवढंच. काउंटरवरच्या मुलीने सवयीने काकूंच्या नवऱ्याच्या नावाचं एक अक्षर पुढे लावलं आणि आडनाव सोडून दिलं. आधारवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण होतं. अर्जातलं नाव आधारशी अक्षरशः जुळायला हवं, नाहीतर पुढे ठेवीच्या पावतीपासून दाव्यापर्यंत सगळीकडे खुलासा देत बसावं लागतं. त्यातच आधारवर नावाला "बाई" जोडलेलं, सातबाऱ्यावर नाही. सातबारा इथे लागत नव्हता, म्हणून तो वाद उकरून काढला नाही.

"मेडन नेम" समोर मी "लग्नाआधीचं पूर्ण नाव" असं लिहिलं. आपल्याकडे लग्नात मधलं नाव आणि आडनाव तर बदलतंच, पुष्कळदा पहिलं नावही बदलतं. काकूंचंही बदललं होतं. नुसतं "माहेरचं आडनाव" असं भाषांतर केलं असतं, तर निम्मी माहिती सुटली असती. वैवाहिक स्थितीला मात्र तीनच पर्याय: विवाहित, अविवाहित, इतर. विधवा म्हणजे "इतर". काकू त्या शब्दाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "इतर तर इतर." नवऱ्याच्या नावाआधी "कै." लावायचं का, असं मुलाने विचारलं. लावायचं नाही. आधारवर ते नाव उपाधीशिवाय आहे, ते तसंच उतरवायचं.

आधारवरचा पत्ता गावचा, राहायचं कोइमतुरात. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा जुना, बंद पडलेला, म्हणजे ओटीपी येणार नाही. त्यामुळे शाखेतच बोटाचा ठसा घेऊन ई-केवायसी झालं. अशा वेळी सध्याचा पत्ता वेगळा असेल तर खातेदाराचं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. शाखेने आधी भाडेकरार मागितला होता. घर मुलाच्या नावावर, भाडेकरार कुठून आणणार? नियम दाखवल्यावर निवेदनावर काम झालं.

पॅन नव्हतं. त्यामुळे फॉर्म ६० आला. हा फॉर्म म्हणजे "माझ्याकडे पॅन नाही आणि माझं अंदाजे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे" असं प्रतिज्ञापूर्वक सांगणं. त्यात उत्पन्नाच्या दोन वेगळ्या ओळी होत्या: शेतीचं आणि शेतीशिवायचं. मुलाने शेतीशिवायच्या उत्पन्नात शून्य लिहायला सांगितलं. पण गावच्या खात्यावर व्याज जमा होतं आणि जी ठेव आज ठेवली जाणार तिचं मार्चपर्यंतचं व्याजही याच आर्थिक वर्षात धरायचं. रक्कम करपात्र मर्यादेच्या आसपासही नव्हती, तरी शून्य हे उत्तर खोटं होतं. भाषांतर करणाऱ्याने आकडा सुचवायचा नसतो. पण ओळीचा अर्थ "नोकरी-धंदा नसेल तर शून्य" असा नाही, हे सांगणं माझं काम होतं. दोघांनी बसून आकडा काढला.

फॉर्मच्या तळाशी खोटी माहिती दिल्यास काय होईल ते लिहिलेलं होतं. पंचवीस लाखांवर कर बुडवण्याचा प्रकार असेल तर सहा महिने ते सात वर्षं सश्रम कारावास, इतर बाबतीत तीन महिने ते दोन वर्षं, आणि दंड. मुलगा हळूच म्हणाला, "ताई, ते तुरुंगाचं वाचू नका, घाबरेल." मी वाचलं. सौम्य करून सांगितलेलं घोषणापत्र हे सही करणाऱ्याचं घोषणापत्रच राहत नाही. काकू घाबरल्या नाहीत. उलट त्यांनीच विचारलं, "मग शून्य लिहिलं असतं तर?"

पॅन नंतर काढावं, असं ठरलं. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आधारवरून ते फुकट आणि लगेच मिळतं, पण ओटीपी लागतो आणि नंबर बंद. आधी आधारचा मोबाइल बदलायला हवा होता.

आता नॉमिनीचा रकाना. मुलगा ज्यासाठी माझ्याकडे आला होता तो हाच.

काकूंच्या मनात नऊ वर्षांच्या नातवाचं नाव होतं. "वारस म्हणून पोराचं नाव टाका. त्याच्याच शिक्षणाला हुतील." मुलगा खूश होता. पण काकूंना एक मुलगीही आहे, तासगाव तालुक्यात दिलेली. तिचा विषय निघाला तेव्हा काकू म्हणाल्या, "तिला मी सोन्यातलं देईन. आता इथं वारस लावल्यावर तिचं काय ऱ्हातंय?"

बोलताना सगळेच नॉमिनीला वारस म्हणतात. मराठीत छापलेल्या कितीतरी अर्जांवरही "वारसदाराचे नाव" असंच असतं. कोइमतुरातल्या अर्जावर मराठी नव्हतं, तरी काकूंनी हा शब्द गावच्या बँकेतूनच आणला होता. तो तसाच तक्त्यात उतरवला असता, तर काकूंनी चुकीच्या समजुतीवर सही केली असती.

बँकेतल्या नॉमिनीला पैसे मिळतात ते बँकेला जबाबदारीतून मोकळं करण्यापुरते. बँकेने नॉमिनीला रक्कम दिली की बँक सुटली. पैसे मालकीचे कुणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रामचंदर तलवार प्रकरणात बँक खात्यांच्या बाबतीत हे स्पष्ट केलं आहे: नॉमिनी पैसे घेतो, पण त्यामुळे तो मालक होत नाही.

काकूंच्या बाबतीत गुंता आणखी होता. त्या मृत्युपत्र न करता गेल्या तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुलगा आणि मुलगी सारखे वारस. नातवाचे वडील हयात असताना नातू वारसच नाही. म्हणजे ज्याला "वारस लावायचा" तो कायद्याने त्या पैशाचा वारस नव्हता आणि जिला वगळलं असं वाटत होतं तिचा निम्मा वाटा शाबूत होता. शिवाय नातू लहान असल्यामुळे पैसे त्याच्या वतीने दुसरंच कुणीतरी घेणार होतं.

हे सांगायला कायद्याची कलमं काढावी लागली नाहीत. मी काकूंना विचारलं, "काका गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद केली, तेव्हा कुणाची नावं लागली?" "माझं, ह्याचं आणि पोरीचं. फेरफार झाला की." "पोरीनं हक्कसोड दिलं का?" "दिलं न्हाई, म्या मागितलंबी न्हाई." मग सांगितलं, "ती वारस नोंद. बँकेतलं हे ते नव्हे. बँक फक्त विचारतेय, तुमच्या माघारी पैसे कुणाच्या हातात द्यायचे." काकूंनी थोडा वेळ घेतला आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे पोराचं नाव लावलं तरी तुला आणि तिला भांडावंच लागंल."

तक्त्यात मी "नॉमिनी" हाच शब्द ठेवला. "नामनिर्देशित व्यक्ती" हा कायद्यातला शब्द बरोबर आहे, पण काकूंना तो कळणार नव्हता. नॉमिनी त्यांना माहीत होता, फक्त अर्थ चुकीचा होता. म्हणून खाली एक ओळ: "खातेदाराच्या मृत्यूनंतर बँक ज्याच्या हाती रक्कम देईल ती व्यक्ती. यामुळे ती व्यक्ती रकमेची मालक होत नाही." कायद्याचं हे स्पष्टीकरण मूळ अर्जात नाही, म्हणून ते चौकटीत टाकलं आणि "भाषांतर करणाऱ्याची टीप" असं लिहिलं. मूळ मजकूर आणि आपली भर यांतला फरक कागदावर दिसायलाच हवा. नाहीतर उद्या काकू "बँकेनं असं लिहून दिलं हुतं" म्हणतील, आणि बँकेने तसं काही लिहिलेलं नसेल.

नातवाचा पर्याय अजून खुला होता, म्हणून अज्ञान नॉमिनीचं कलमही समजावलं. नॉमिनी अठरा वर्षांचा होण्याआधी खातेदार गेला तर त्याच्या वतीने रक्कम कोण घेणार, त्या सज्ञान माणसाचं नाव खातेदाराने लिहायचं असतं. "अज्ञान" या शब्दाला काकू अडखळल्या नाहीत. सातबाऱ्यावर "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालन कर्ता, असं पाहिलेलं होतं. "म्हंजी पालक ह्योच," असं म्हणत त्यांनी मुलाकडे बोट केलं. तिथे मी थांबवलं. हा रकाना पालकाचा नाही. पैसे घेऊ शकेल असा कुणीही सज्ञान माणूस तिथे चालतो. बाप लिहिला तर हरकत नाही, पण तोच लिहिला पाहिजे असं नाही.

नॉमिनीसाठी शाखेने दिलेला फॉर्म होता डीए-१, जुन्या छपाईचा, एकाच नॉमिनीची जागा असलेला. पण १ नोव्हेंबर २०२५ पासून नियम बदलला होता. बँक ठेवींसाठी आता चारपर्यंत नॉमिनी देता येतात, एकत्र किंवा एकामागून एक. एकत्र दिले तर प्रत्येकाचा टक्का लिहायचा, बेरीज शंभर झाली पाहिजे. एकामागून एक दिले तर पहिला हयात नसेल तेव्हाच दुसऱ्याचा नंबर लागतो. नियम लागू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि शाखेत जुन्या फॉर्मचा गठ्ठा तसाच पडून होता. मुलाने विचारल्यावर अधिकाऱ्याने नवीन फॉर्म संगणकावरून छापून दिला.

भाषांतराच्या दृष्टीने या दोन पद्धती नीट वेगळ्या दिसणं महत्त्वाचं. इंग्रजीत दोन्हींसाठी एकेक शब्द आहे आणि हिंदीत "समकालिक" व "क्रमिक" असे शब्द छापलेले होते. काकूंना दोन्ही सारखेच परके. मी मराठीत "एकाच वेळी, वाटणीने" आणि "एकामागून एक, आधीचा नसेल तर पुढचा" असं लिहिलं. लांबलचक आहे, पण चुकीच्या चौकटीत खूण होत नाही. काकूंनी पहिली पद्धत निवडली: मुलगा पन्नास, मुलगी पन्नास. नातवाला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागेल, हे त्यांना समजलं होतं. "ते पोर मोठं झाल्यावर बघू," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मुलगा काही बोलला नाही. त्याने बहिणीला फोन करून तिची जन्मतारीख आणि आधारवरचं नाव विचारून घेतलं.

साक्षीदारांचे रकाने रिकामे ठेवले. अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात, सही असेल तर लागत नाहीत. काकू मराठीत सही करतात. काउंटरवर "इंग्रजीत किंवा तमिळमध्ये करा, नाहीतर अंगठा द्या" असा आग्रह झाला. मराठीतली सही चालते. बँकेला हवं असतं ते त्याबरोबरचं निवेदन: अर्जातला मजकूर खातेदाराला तिच्या भाषेत वाचून समजावला आहे. त्यावर समजावणाऱ्याची सही असते. ती मी केली, कारण वाचून मीच दाखवलं होतं. मुलाने केली असती तरी बँकेने घेतली असती, पण नॉमिनीपैकी एकानेच "मी आईला समजावलं" असं लिहून देणं पुढे वादात फारसं टिकत नाही.

राहिल्या छोट्या अक्षरांतल्या संमती. माझ्या अनुभवात खरं नुकसान इथे होतं, कारण त्या घोषणापत्रांच्या रांगेत ठेवलेल्या असतात आणि सगळ्यांना सारखीच खूण करावी असं वाटतं. त्यातली एक होती आधार या खात्याशी जोडून सरकारी अनुदान इथे घेण्याची. शेतावर काकूंचं नाव लागल्यावर पीएम-किसानचे हप्ते त्यांना गावच्या खात्यात येत होते. असं अनुदान आधारवर शेवटचं जोडलेल्या बँकेत जातं. इथे "होय" म्हटलं असतं तर पुढचा दोन हजारांचा हप्ता कोइमतुरात आला असता आणि गावी शेत बघणारा दीर खतासाठी वाट बघत बसला असता. ई-केवायसीसाठी आधार देणं आणि अनुदानासाठी आधार जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्या तक्त्यात दोन वेगळ्या ओळींत, मधे जागा सोडून मांडल्या. काकूंनी पहिलीला होय म्हटलं, दुसरीला नाही. विम्याच्या दोन योजनांचे हप्ते खात्यातून कापण्याची संमतीही त्याच पानावर होती. वर्षाला चारशे छत्तीस रुपयांची जीवनज्योती विमा योजना पन्नाशीपर्यंतच घेता येते, त्यामुळे ती काकूंना लागूच नव्हती. तरी त्या चौकटीत पेन्सिलने आधीच खूण केलेली होती. ती खोडली. वीस रुपयांची अपघात विमा योजना काकूंनी ठेवली.

खातं निघालं, पासबुकावर "नॉमिनेशन रजिस्टर्ड" असा शिक्का आला. नॉमिनींची नावं छापायची का, असं विचारल्यावर काकूंनी छापा म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तीन लाखांची ठेव झाली, तेव्हा पावतीवर नॉमिनीची जागा कोरी होती. बचत खात्याचं नामनिर्देशन ठेवीला आपोआप लागेलच असं नाही. ठेवीचा स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो. मुलगा कामावर होता. काकू तक्ता घेऊन एकट्याच शाखेत गेल्या, नॉमिनीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि दुसरा फॉर्म मागून घेतला.